विश्लेषण : तीन अरबी शब्द, एक ‘टर्मिनेशन’... सौदीचा करार इंग्रजीत येताना काय हरवते?

सौदी अरेबियातील नोकरीचा मूळ करार अरबीत असतो. रत्नागिरी, रायगड किंवा मुंबईतून जाणाऱ्या कामगाराच्या हातात बहुतेक वेळा त्याची इंग्रजी प्रत पडते आणि तीही त्याला घरातला कोणी शिकलेला मुलगा मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगतो. पगार, कामाचे तास, राहण्याची सोय ही कलमे या प्रवासात फारशी बिघडत नाहीत. तिथे आकडे असतात आणि आकडा कोणालाही कळतो. बिघडते ते नोकरी संपण्याचे आणि नोटिशीचे कलम. ते नेमके कुठे बिघडते आणि त्याची किंमत रियालमध्ये किती होते, ते पाहू.

इंग्रजी प्रतीला कायद्यात किती किंमत?

वाद झाला तर जवळपास काहीच नाही. सौदी कामगार कायद्याचे ९ वे कलम सांगते की कराराची भाषा अरबी. सोबत दुसऱ्या भाषेतील मजकूर असला तरी दोन्हींत फरक पडल्यास अरबी मजकूर ग्राह्य. म्हणजे इंग्रजी प्रतीत कामगाराच्या सोयीचे काही चुकून लिहिले गेले, तर त्याचा त्याला फायदा मिळत नाही. गैरसोयीचे लिहिले गेले आणि तो त्यावर विसंबून वागला, तर नुकसान मात्र त्याचेच. अनुवादाच्या चुकीचा भार असा एकाच बाजूला पडतो. म्हणूनच ‘साधारण अर्थ कळला म्हणजे झाले’ ही अनुवादकांमध्ये ऐकू येणारी भूमिका मला इथे मान्य नाही.

‘टर्मिनेशन’ हा शब्द अडचणीचा का?

कारण त्याच्यामागे अरबीतील किमान तीन वेगवेगळे शब्द लपतात. पहिला ‘इन्तिहा’. करार आपोआप संपणे, म्हणजे मुदत भरली आणि काम संपले. हिंदी गाण्यांमुळे हा शब्द आपल्या कानावर ‘हद्द’ या अर्थाने आहेच. इथेही करार आपल्या हद्दीला पोहोचतो, कोणी तो तोडत नाही. दुसरा ‘इन्हा’. एकाच धातूपासून आलेला, ऐकायला जवळजवळ तसाच, पण यात करणारा कोणीतरी आहे. मालक किंवा कामगार यांपैकी एक जण करार संपवतो. तिसरा ‘फस्ख’. समोरच्याच्या गंभीर चुकीमुळे करार मोडणे.

कायदा हे शब्द काटेकोरपणे वापरतो. करार कोणकोणत्या प्रकारे संपतो हे सांगणाऱ्या ७४ व्या कलमाची सुरुवात ‘इन्तिहा’च्या क्रियापदाने होते. बेमुदत करार एका बाजूने नोटीस देऊन संपवण्याचे ७५ वे कलम ‘इन्हा’ म्हणते. आणि मारहाण, खोटी कागदपत्रे, लांबलचक गैरहजेरी अशा कारणांवरून नोटीस, भरपाई, सेवाअखेरचा लाभ यांपैकी काहीही न देता काढून टाकण्याची मुभा देणारे ८० वे कलम ‘फस्ख’ म्हणते.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘टर्मिनेशन’ लिहिले की वाक्य चुकीचे ठरत नाही. व्याकरण बरोबर, शब्दकोशही पाठीशी. पण वाचणाऱ्याला वाटते की या साऱ्या एकाच गोष्टीच्या पोटअटी आहेत. त्यात आता चौथा शब्द भर घालतो, तो म्हणजे ‘इस्तिकाला’, अर्थात राजीनामा. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी मुदतीच्या करारातील राजीनाम्याची वेगळी व्याख्या आणि वेगळी रीत कायद्यात आणली. त्यामुळे राजीनामा आणि नोटीस यांची सरमिसळ आता पूर्वीपेक्षा महाग पडू शकते.

नोटिशीचे कलम नेमके कुठे चुकते?

परदेशी कामगाराचा करार लेखी आणि ठरावीक मुदतीचाच असावा लागतो, असे ३७ वे कलम सांगते. त्यामुळे त्याच्या करारात साठ किंवा तीस दिवसांची जी नोटीस दिसते, ती बहुतेक वेळा मुदतीच्या शेवटी लागू होणारी असते. अरबी वाक्याची ठेवण साधारण अशी : ‘करार तेवढ्याच मुदतीसाठी पुन्हा चालू राहील, मात्र मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी एखाद्या पक्षाने दुसऱ्याला नूतनीकरण नको असल्याचे लेखी कळवले असेल तर नाही.’ यातील कळीचा शब्द ‘तज्दीद’, म्हणजे नूतनीकरण. नोटीस आहे ती नूतनीकरण नको, एवढेच सांगणारी.

घाईत केलेल्या इंग्रजीत हे लांब वाक्य आखडते. ‘कोणताही पक्ष साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकेल’ असे त्याचे सुटसुटीत रूप होते. नूतनीकरण गळाले, मुदतीचा शेवट गळाला. उरला तो सरळ अर्थ : कधीही साठ दिवस आधी सांगा आणि मोकळे व्हा. अरबी करारात अशी मुभा दिलेलीच नसते.

एका उदाहरणात हिशेब कसा होतो?

समजा, खेड तालुक्यातला एक एसी मेकॅनिक दम्माममधील कंपनीत लागला. करार दोन वर्षांचा, १ मार्च २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२६. मूळ पगार २,००० रियाल, घरभाडे ५०० आणि प्रवासखर्च २००, सगळे रोखीत. एकूण २,७०० रियाल महिना. करारात वरचेच नूतनीकरणाचे कलम आहे आणि इंग्रजी प्रतीत त्याचे वरचेच आखडलेले रूप.

घरी वडील आजारी पडतात. तो १ मे २०२५ रोजी साठ दिवसांची नोटीस देतो आणि ३० जूनला काम थांबवतो. त्याच्या मते त्याने नियम पाळला. अरबी करारानुसार त्याने सोळा महिन्यांनंतर, आठ महिने शिल्लक असताना, मुदतीचा करार एकतर्फी संपवला. इथे ७७ वे कलम पुढे येते. करारात भरपाईची रक्कम आधीच ठरलेली नसेल आणि मुदतीचा करार वैध कारणाशिवाय संपवला गेला, तर नुकसान झालेल्या पक्षाला उरलेल्या मुदतीचा पगार मागता येतो आणि ही रक्कम दोन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी नसते. आठ महिन्यांचे २१,६०० रियाल. कंपनी ते मागेलच असे नाही, पण मागण्याचा आधार तिच्याकडे आहे. परतीचे तिकीटही अडचणीत येते. ४० व्या कलमाप्रमाणे ते एरवी मालकाने द्यायचे असते, पण वैध कारणाशिवाय कामगारच परत जायचे म्हणाला तर खर्च त्याचा. सेवाअखेरचा लाभही नाही, कारण स्वतःहून सोडणाऱ्याला दोन वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तो सुरूच होत नाही.

आता त्याच माणसाने दुसऱ्या शब्दाचा दरवाजा उघडला असता तर? ‘इन्हा’ची नोटीस न देता ‘इस्तिकाला’, म्हणजे लेखी राजीनामा दिला असता, तर दुरुस्त कायद्यानुसार मालकाने तीस दिवसांत उत्तर न दिल्यास तो मंजूर झाला असे धरतात. मालक लेखी कारण देऊन आणखी साठ दिवसांपर्यंत तो लांबवू शकतो. पण मंजूर राजीनाम्याने करार ७४ व्या कलमाच्या चौकटीत, रीतसर संपतो. अर्धवट सोडल्याचा ठपका राहत नाही. सेवाअखेरचा लाभ याही वाटेने मिळाला नसता, पण २१,६०० रियालची टांगती तलवारही नसती. दोन्ही अर्जांत एका वाक्याचाच फरक. आणि त्याच्या प्रतीत दोन्हींसाठी शब्द एकच होता.

चूक उलट्या बाजूनेही खाते, आणि माझ्या मते जास्त नुकसान तिथेच होते. समजा, कंपनीनेच त्याला १ मे रोजी कळवले की साठ दिवसांनी तुझे काम संपले. कारण काही दिले नाही. इंग्रजी प्रत वाचणारा कामगार म्हणेल, नियमाप्रमाणे साठ दिवस दिले, पगार मिळाला, चला. तो विमानात बसतो. त्याला कल्पनाही नसते की वैध कारण नसल्यास उरलेल्या आठ महिन्यांचे २१,६०० रियाल तो मागू शकत होता. शिवाय मालकाने संपवलेल्या नोकरीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे सोळा महिन्यांचे १,८०० रियाल सेवाअखेरचा लाभ म्हणून त्याचे होतेच.

आणि तो शेवटपर्यंत थांबला असता, नूतनीकरण नको असे ३० डिसेंबर २०२५ पूर्वी लेखी कळवून २८ फेब्रुवारीला निघाला असता, तर तो ‘इन्तिहा’ ठरला असता. राजीनामा नाही, मोडणे नाही. दोन वर्षांचा लाभ पूर्ण, २,७०० रियाल.

एक बारीक गोष्ट इथेच सांगतो. कायद्यातील मुदती हिजरी कॅलेंडरने मोजतात, करारात वेगळे म्हटले नसेल तर. हिजरी दोन वर्षे आपल्या दोन वर्षांपेक्षा सुमारे तीन आठवड्यांनी लहान भरतात. अनुवादकाने ‘दोन वर्षे’ एवढेच लिहिले आणि कोणत्या कॅलेंडरने ते गाळले, तर साठ दिवसांचा शेवटचा दिवस कामगाराच्या हिशेबाआधीच निघून जातो आणि करार पुन्हा चालू होतो.

२,७०० की २,००० : हा प्रश्न अनुवादाचा कसा?

वरचा सगळा हिशेब २,७०० वर केला, कारण कायद्याच्या व्याख्येत नुसता ‘अज्र’ म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा एकूण पगार, भत्त्यांसह. नुसता मूळ पगार म्हणायचा असेल तर अरबीत ‘असासी’ हे विशेषण जोडलेले असते. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी ‘सॅलरी’ लिहिण्याची सवय आहे आणि काही प्रतींमध्ये त्याच्या आधी ‘बेसिक’ही आपोआप येऊन बसते, कारण वरच्या पगाराच्या तक्त्यात तो शब्द असतो. एवढ्याने आपल्या मेकॅनिकचे शेवटी ७०० रियाल जातात आणि भरपाईच्या हिशेबात ५,६००. मूळ मजकुरात विशेषण नसेल तर अनुवादात ते घालायचे नाही, असेल तर गाळायचे नाही. नियम इतका साधा आहे.

‘नोटीस’ आणि ‘नोटीस’ यांतही फरक?

हो, आणि तो धोक्याचा आहे. निघण्याची किंवा काढण्याची पूर्वसूचना म्हणजे ‘इशआर’. गैरवर्तनाबद्दल दिलेली ताकीद म्हणजे ‘इन्झार’. सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त किंवा वर्षभरात मिळून तीस दिवसांपेक्षा जास्त विनाकारण गैरहजर राहिल्यास ८० व्या कलमाखाली काढता येते. पण त्याआधी, सलग गैरहजेरीत दहा दिवसांनंतर आणि तुटक गैरहजेरीत वीस दिवसांनंतर, लेखी ‘इन्झार’ द्यावाच लागतो.

हा कागद कामगारासाठी शेवटची संधी असतो : परत कामावर या, कारण असेल तर सांगा. इंग्रजीत त्यालाही ‘नोटीस’ म्हटले की तो समजतो, आपल्याला काढल्याची नोटीस आली, आता जाऊन काय उपयोग. तो खोलीवरच राहतो. आणखी पाच-सहा दिवस जातात आणि ‘फस्ख’ला लागणारी अट पूर्ण होते, सेवाअखेरचा लाभही बुडतो. या शब्दाला इंग्रजीत ‘वॉर्निंग’ हा सरळ, सर्वांना कळणारा शब्द आहे. तो न वापरण्याचे मला एकही चांगले कारण दिसत नाही.

मग अनुवाद कसा असावा?

चार अरबी शब्दांना चार वेगळी इंग्रजी नावे द्यावीत आणि ती शेवटपर्यंत बदलू नयेत. मुदत भरून संपणे, एका पक्षाने संपवणे, गंभीर चुकीमुळे रद्द करणे आणि राजीनामा. इंग्रजीत यांना एक्स्पायरी, एंडिंग, कॅन्सलेशन आणि रेझिग्नेशन म्हटले तरी चालेल. वकिली इंग्रजीत ‘टर्मिनेशन’ जास्त शोभून दिसते, हे खरे. पण ही प्रत वकिलासाठी नाही. ‘पहिला पक्ष’, ‘दुसरा पक्ष’ याऐवजी सरळ कंपनी आणि कामगार लिहावे. अरबीत ‘त्याने त्याला कळवावे’ अशी सर्वनामे क्रियापदालाच चिकटून येतात आणि त्यातला ‘तो’ कोण हे इंग्रजीत नेताना उलटसुलट होणे अजिबात दुर्मीळ नाही.

काही अनुवादक यावर म्हणतात की स्पष्टीकरण देणे आमचे काम नाही, आम्ही भाषेचे बांधील. सल्ला देणे त्यांचे काम नाही, हे मान्य. पण मूळ मजकुराने केलेला भेद जपणे हा सल्ला नव्हे, तो अनुवादच आहे. खरी अडचण वेगळी आहे. अनुवादाचे पैसे सहसा एजंट किंवा कंपनी देते, तेही पानाच्या हिशेबाने, आणि प्रत वाचणारा कामगार कधीच अनुवादकाचे गिऱ्हाईक नसतो. अनुवादावरचा शिक्का त्यावर कोणाचे नाव आहे ते सांगतो. सहाव्या कलमातले ‘तज्दीद’ गळाले की नाही, ते त्यावरून कळत नाही. म्हणून माझे मत असे की भरती करणाऱ्या एजंटाने इंग्रजी प्रतीसोबत अरबी मूळ प्रत जोडून दिल्याशिवाय कामगाराची सही घेऊ नये आणि आपल्याकडील परवानगीच्या टप्प्यावरच ही जोडी तपासली जावी.

अरबी न येणाऱ्याने चूक ओळखायची कशी?

अरबी करार मोबाइलवर असतो. सौदीतील ‘किवा’ या सरकारी संकेतस्थळावर कामगाराला आपला नोंदलेला करार स्वतः पाहता येतो. एजंटाने दिलेला कागद आणि तिथला करार एकच आहे का, हे आधी पाहावे.

मग आकड्यांकडे जावे. अरबी अंक दहाच आहेत आणि नोटांवर रोज दिसत असल्याने सौदीत गेलेला माणूस ते आठवडाभरात ओळखू लागतो. अरबी प्रतीत कायद्याच्या कलमांचे ७४, ७७, ८०, ८१ असे आकडे असतील आणि इंग्रजीत ते नसतील, तर तिथे काहीतरी गाळले गेले आहे असे धरून चालावे. ८१ गाळले असेल तर विशेष लक्ष द्यावे. मालकाने कराराच्या मुख्य अटी पाळल्या नाहीत, फसवून करार केला, मारहाण केली, तर नोटीस न देता आणि आपले सगळे हक्क राखून काम सोडण्याची मुभा कामगाराला त्याच कलमाने मिळते. ८० ठेवून ८१ गाळलेली प्रत निष्पाप असेलही, पण ती कोणाच्या सोयीची आहे ते उघड आहे.

साठ किंवा तीस या आकड्याभोवतीचे वाक्य मात्र वाचूनच घ्यावे लागते. कोकणातल्या अनेक मुस्लीम घरांत अरबी अक्षरे वाचणारे कोणी ना कोणी असते, भाषा येत नसली तरी. त्यांना त्या वाक्यात ‘तज्दीद’ शोधायला सांगावे. तो शब्द सापडला आणि इंग्रजीत नूतनीकरणाचा उल्लेख नसला, तर ती नोटीस मधेच नोकरी सोडण्यासाठी नाही. भरपाईची ठरलेली रक्कम करारातच लिहिली आहे का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण ती असेल तर उरलेल्या मुदतीच्या पगाराचा वरचा हिशेब लागू होत नाही.

समाजमाध्यमांवर ‘नवीन कायद्यात कामगाराला तीसच दिवसांची नोटीस’ असे संदेश फिरतात. ती दुरुस्ती खरी आहे. महिन्याच्या पगारावरील कामगाराने संपवल्यास तीस दिवस आणि मालकाने संपवल्यास साठ. पण ती ७५ व्या कलमाची, म्हणजे बेमुदत कराराची. मुदतीच्या करारावर असलेल्याने ती आपली समजू नये.

काम संपल्यावर चूक लक्षात आली तर दावा करण्यासाठी बारा महिन्यांची मुदत आहे. आधी सौदी मनुष्यबळ मंत्रालयाकडे तडजोडीचा अर्ज आणि तिथे न मिटल्यास कामगार न्यायालय. भारतात परतलेला माणूस परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवू शकतो, पण त्याने अरबी प्रत जवळ ठेवलेली असली पाहिजे. नुसत्या इंग्रजी कागदावर तिथे पुढे फारसे सरकत नाही. घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी यांना मात्र वरची कलमे लागू नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे आणि त्यांच्या करारातले नोटिशीचे वाक्य त्या नियमावलीशीच ताडून पाहावे लागते.